मास्क कुणाच्या तोंडाला?



पत्रिकेवर विषय 'सार्वजनिक आरोग्य' असा छापलाय, पण मी सांगणार आहे एका कंडक्टरची गोष्ट. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात हे आपण शाळेत शिकलोय, ते सोडून देतो. माझा हेका एकच: मास्क आधी खोकणाऱ्याच्या तोंडाला हवा. (मागून: "आणि भाषण करणाऱ्याच्या?" हशा.) त्याच्याही!

तर हा कंडक्टर. पावसाळ्यातली गच्च भरलेली एसटी, काचा बंद. खांद्याला पैशांची बॅग, हातात तिकिटाचं मशीन, आणि "पुढे सरका" म्हटलं की खोकल्याची उबळ. दोन महिने तो म्हणत होता, डिझेलचा धूर आहे. शेवटी रोजच्या गाडीने जाणाऱ्या आशाताईंनीच टोकलं, "भाऊ, दोन आठवड्यांवर खोकला गेला की थुंकी तपासायची." तपासली. क्षय निघाला. सहा महिन्यांची औषधं सुरू झाली, डॉक्टर म्हणेपर्यंत ड्युटी बंद, आणि घरात माणसांत असताना मास्क.

इथे जरा दक्षिण आफ्रिकेत जाऊ. हो, गाडी वळवतोय. तिथल्या एका रुग्णालयात औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण ठेवले होते. त्यांच्या वॉर्डातली हवा गिनीपिगांच्या दोन खोल्यांत सोडली. एक दिवस रुग्णांनी साधा सर्जिकल मास्क लावायचा, दुसऱ्या दिवशी नाही. मास्कच्या दिवसांची हवा एका खोलीत, उरलेली दुसरीत. प्रत्येक खोलीत ९० गिनीपिग. विनामास्क हवेत ६९ जणांना लागण झाली, मास्कच्या हवेत ३६. २०१२ साली हे प्रसिद्ध झालं, पहिलं नाव धर्माधिकारी. (टाळ्या.) टाळ्या आडनावाला की आकड्यांना? ३६ म्हणजे शून्य नव्हे, हेही ऐका. म्हणून औषध हवं, खिडकीही उघडी हवी. "मग मास्कचा काय उपयोग?" असं विचारणाऱ्यांना मी म्हणतो, छत्रीतही पाय भिजतातच!

(अध्यक्षांची घंटी.) एक टोला म्हणजे थांबा, डबल द्या, साहेब! (हशा.)

घाईने सांगतो. ड्युटीवर परतल्यावरही आपला कंडक्टर धास्तीने मास्क लावायचा, पण हाळी द्यायची वेळ आली की हनुवटीवर ओढायचा. मोठ्याने बोलताना तोंडातून थेंब जास्त उडतात, आणि नेमका तेव्हाच मास्क खाली! आशाताईंनी गाडीतच दाखवलं: नाकावरची पट्टी चिमटून बसवा, ओला झाला की बदला, आणि बोलताना मुळीच काढू नका. मग पठ्ठ्याने हौसेने महागडा मास्क आणला, पुढे गोल झडप असलेला. ताई म्हणाल्या, "या झडपेतून तुमचा श्वास न गाळताच बाहेर जातो. तुमची सोय झाली, गाडीतल्या लोकांची नाही. दुकानात परत द्या, आणि बिनझडपेचा आणा."