एकतर्फी हुकूमनामा आणि न पोहोचलेले समन्स
(व्याख्यानाचा संपादित अंश)



एक उदाहरण घेऊ. नोकरीनिमित्त पुण्यात राहणाऱ्या एका गृहस्थाच्या गावच्या घरावर चुलतभावाने मालकीचा दावा लावला. बेलीफ एकदाच गावी गेला, कुलूप पाहिले, समन्स दारावर डकवले आणि परतला. पुढे दावा एकतर्फी चालून हुकूमनामा झाला. आठ महिन्यांनी ताबा घेण्यासाठी बेलीफ दारी आला, तेव्हा या गृहस्थास प्रथम सारे कळले. आता घर गेलेच काय?

नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9, नियम 13 अन्वये, समन्स रीतसर बजावले गेले नव्हते असे पटवून दिल्यास तेच न्यायालय हुकूमनामा रद्द करते. त्यासाठी प्रथम हुकूमनामा, रोजनामा आणि बेलीफचा अहवाल यांच्या नकला काढाव्यात. अहवाल बारकाईने वाचावा. प्रतिवादी सापडत नाही आणि वाजवी काळात सापडण्याची शक्यताही नाही, अशी खात्री पुरेशा प्रयत्नांनंतर झाली, तरच समन्स डकवता येते. घर कोणी दाखवले, कोणासमक्ष डकवले, हे नावापत्त्यानिशी लिहावे लागते. आपल्या उदाहरणात एकच फेरी आहे, साक्षीदाराचे नाव नाही. पुण्याचा पत्ता चुलतभावास ठाऊक असूनही त्याने दिलेला नाही. अर्जाचा खरा आधार हाच.

मुदत तीस दिवसांची. एरवी ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात. परंतु समन्स रीतसर बजावले नसेल, तर हुकूमनामा कळल्याच्या दिवसापासून. म्हणून तो कधी व कसा कळला, हे प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहावे. अर्जासोबतच अंमलबजावणीस स्थगिती मागावी, अन्यथा अर्ज प्रलंबित असतानाच ताबा जाण्याचा धोका राहतो.

येथे एक मर्यादा ध्यानी ठेवावी. बजावणीत केवळ अनियमितता होती, पण प्रतिवादीस सुनावणीची तारीख ठाऊक होती आणि हजर होण्यास पुरेसा वेळही होता, तर हुकूमनामा रद्द होत नाही. मात्र दावा चालू आहे एवढे कानावर असणे म्हणजे तारीख ठाऊक असणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली सुशीलकुमार सभरवाल विरुद्ध गुरप्रीतसिंग या प्रकरणात स्पष्ट केले आहे. उलट, बेलीफ समोर असता समन्स घेण्यास नकार देणाऱ्यास 'मला मिळालेच नाही' असे म्हणता येत नाही.

अर्ज फेटाळला गेल्यास त्या आदेशाविरुद्ध अपील करता येते. मंजूर झाल्यास दावा पुन्हा उभा राहतो. तो जिंकला असे होत नाही. आपल्या गृहस्थास कैफियत दाखल करून, वाटणीपत्र व सातबारा पुढे ठेवून घरावरील हक्क तेथे सिद्ध करावाच लागेल. फरक एवढाच, की आता निकाल दोन्ही बाजू ऐकून होईल.