दोन आकड्यांमधली उंची

फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर यानाने रडारने पृथ्वीचा बराचसा भूभाग मोजला. त्यातून तयार झालेल्या तक्त्यात साधारण दर 30 मीटरवर उंचीचा एक आकडा आहे. मग मधल्या जागेची उंची कशी काढायची?

समजा, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यांची उंची 600 आणि 640 मीटर, खालच्यांची 620 आणि 700. आपली जागा डावीकडून पाव अंतरावर, वरून निम्म्यावर. वरच्या कडेवर पाव अंतराला 610 येतात, खालच्या कडेवर 640. त्यांच्या मधोमध 625. ही द्विरेषीय पद्धत. तिचं उत्तर चार कोपऱ्यांच्या मर्यादेबाहेर कधीच जात नाही. मात्र चौकट बदलली की उतार एकदम बदलतो, आणि छायांकित नकाशात जाळीच्या रेघा उमटतात.

द्विघन पद्धत सोळा आकडे घेते आणि उतार जुळवून देते. पण कड्यापाशी तिच्यावर नजर ठेवावी. ओळीत 500, 500, 500 आणि मग थेट 100 असे आकडे असतील, तर दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधोमध उंची किती? प्रचलित सूत्र जवळच्या दोघांना प्रत्येकी नऊ-सोळांश वजन देतं आणि लांबच्या दोघांना उणे एक-सोळांश. उत्तर येतं 525! सपाट पठारावर नसलेला 25 मीटरचा उंचवटा. छायाचित्र मोठं करताना गडद कडेलगत दिसणारी उजळ किनार हा याच उणे वजनांचा प्रताप. फोटोत ती खपून जाते, कधी चित्र उठावदारही करते. उंचीच्या तक्त्यात मात्र कड्याजवळ मी द्विरेषीयच निवडेन.