५९० कौलं आणि एक चुकलेला गुणाकार

मागच्या भागात म्हटलं होतं की एकदा माझ्या स्वतःच्या चुकीवर बोलेन. तर आज तेच. विषय ऐकून हसू नका: कौलं कशी मोजायची. मी बीटेक आहे, पुण्यात दिवसभर कोड लिहितो, आणि माझा एक साधा गुणाकार असा चुकला की आजीच्या खोलीचं अर्धं छप्पर उघडं राहायची वेळ आली होती. तेही मृग तोंडावर असताना.

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात. आजीच्या खोलीवर पत्रे होते. एप्रिल-मे मध्ये त्या पत्र्याखाली दुपारी बसून दाखवा. म्हणून ठरलं की पत्रे काढायचे आणि मंगलोरी कौलं घालायची. आजी कौलाला अजून कवेलूच म्हणते. काकांनी फोन केला, "अरे, तू इंजिनियर ना? किती लागतील सांग." मी गाडीत होतो. मोबाइल काढला आणि दोन मिनिटांत हिशेब केला.

छप्पर ९ मीटर लांब. खोली बाहेरून ५ मीटर रुंद, दोन्हीकडे अर्धा-अर्धा मीटर वळचण, म्हणजे ६ मीटर. क्षेत्रफळ ५४ चौरस मीटर. कौल ४१० मिलिमीटर लांब, २३५ रुंद. भागाकार केला, ५६० आले. फुटतुटीला पाच टक्के धरले, ५९० सांगितले. काकांनी तेवढी मागवली. वाटेत १४ फुटली, ५७६ अंगणात उतरली.

मी शनिवारी गावी पोहोचलो, तर मिस्त्रीमामा कौलांच्या थप्पीकडे बघत उभे. म्हणाले, "बाबू, तू भुई मोजलीस. पाऊस भुईवर नाही पडणार, पाख्यावर पडणार हाय."

ही पहिली चूक. पाखं म्हणजे छपराची एक उतरती बाजू. ती तिरपी असते, म्हणून खालच्या जमिनीपेक्षा लांब असते. आमचं आढं वळचणीच्या टोकापेक्षा १.६ मीटर उंच, आणि आढ्यापासून त्या टोकापर्यंतचं आडवं अंतर ३ मीटर. शाळेतला पायथागोरस लावा: ३ चा वर्ग ९, १.६ चा वर्ग २.५६, बेरीज ११.५६, वर्गमूळ ३.४. म्हणजे पाखं ३.४ मीटर लांब, आणि मी ३ धरलं होतं.

दुसरी चूक याहून मोठी. मी कौलाचं पूर्ण माप धरलं होतं. पण कौल पूर्ण दिसतच नाही. वरचं कौल खालच्यावर चढतं, शेजारचं शेजारच्यात अडकतं. कौलांचं भारतीय मानक, आयएस ६५४, त्यातही ४१० बाय २३५ हे माप आहे, आणि चढ लांबीत किमान ६० मिलिमीटर, रुंदीत २५. म्हणजे छपरावर प्रत्यक्ष कामाला येतो तो साधारण ३५० बाय २१० एवढाच तुकडा. कौलाचा जवळपास चौथा हिस्सा दुसऱ्या कौलाखाली जातो.

आता तुम्ही म्हणाल, मग ३५० आणि २१० ने भागा, झालं. मीही तेच म्हणालो. मामांनी ऐकून घेतलं आणि काहीच न बोलता अंगणात ११ कौलं एका ओळीत मांडली, जशी छपरावर एकावर एक चढतात तशी.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगतो. आजीच्या लहानपणी गावात असायची ती कुंभाराची, नळीची कवेलू. त्यात चढ किती द्यायचा ते घालणाऱ्याच्या हातात असायचं. दाट घाला, विरळ घाला. मंगलोरी कौल तसं नाही. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला या कौलांचा कारखाना काढला, म्हणून हे नाव. हे कौल साच्यात दाबून काढतात. त्याच्या कडांना खाचा आणि उंचवटे असतात, ते एकमेकांत बसतात. म्हणून चढ किती, हे साचाच ठरवतो. आपल्या हातात उरतो तो फक्त थोडासा खेळ.

तो खेळ किती, हे मामा मोजत होते. आधी ११ कौलं जितकी जवळ सरकतील तितकी सरकवली. पहिल्या कौलाच्या खालच्या कडेपासून अकराव्याच्या खालच्या कडेपर्यंत टेप धरला: ३.३८ मीटर. मग खाच सुटणार नाही इतपत ताणली: ३.५२ मीटर. अकरा कौलांत टप्पे दहा. म्हणजे एक टप्पा कमीत कमी ३३८ मिलिमीटर, जास्तीत जास्त ३५२. आडव्या दिशेला तसंच केलं: २०७ ते २११. कागदावरचं ३५० आणि २१० हे या खेळाच्या आतलं एक टोकाकडचं माप, एवढंच.

आता खरी मोजणी. कौलं चौरस मीटरमध्ये बसत नाहीत, ओळींमध्ये बसतात. आणि अर्धी ओळ नावाची गोष्ट नसते. सगळ्यात वरचं कौल पूर्ण लांबीचं धरायचं आणि उरलेल्या लांबीत किती टप्पे बसतात ते बघायचं. रात्री मी चार ओळींचा कोड लिहिला. त्यात `S` म्हणजे पाख्याची लांबी, `L` कौलाची लांबी, `gmin` आणि `gmax` म्हणजे टप्प्याची दोन टोकं:

```python
from math import ceil
rows = ceil((S - L) / gmax) + 1
gap = (S - L) / (rows - 1)
print(rows, gap, gmin <= gap <= gmax)
```

आधी आडव्या दिशेचं बघू, कारण ते सोपं गेलं. ९००० मधून २३५ वजा, उरले ८७६५. त्याला २११ ने भागलं, ४१ आणि वर काहीतरी, म्हणजे ४२ टप्पे, ४३ कौलं. ८७६५ ला ४२ ने भागलं तर टप्पा येतो २०८.७. हा २०७ आणि २११ च्या मध्ये आहे. `True`. एका ओळीत ४३ कौलं, कापाकापी नाही.

आता उताराच्या दिशेला. ३४०० वजा ४१०, उरले २९९०. ३५२ ने भागले, साडेआठच्या आसपास. म्हणजे ९ टप्पे, १० ओळी. टप्पा किती? २९९० भागिले ९, ३३२. पण कौल ३३८ च्या खाली सरकतच नाही! `False`. आणि ९ ओळीच घातल्या तर ३५२ ने पूर्ण ताणूनसुद्धा १७ सेंटिमीटर पाखं उघडं राहतं. म्हणजे ३.४ मीटरच्या पाख्यावर हे कौल नीट बसूच शकत नाही.

क्षेत्रफळाचा हिशेब हे कधीच सांगत नाही. मी नंतर करून बघितला. दोन्ही पाखी मिळून ६१.२ चौरस मीटर, सरासरी टप्प्याने भागले तर ८४९ कौलं येतात. आकडा बरोबरच्या जवळ आहे, पण छप्पर बसणार नाही हे त्यात कुठेच दिसत नाही.

उपाय मामांना आधीच माहीत होता. "वासे अजून कापले नाहीत," ते म्हणाले. टप्पा ३४० धरला, नऊ टप्पे म्हणजे ३०६०, अधिक ४१०, झाले ३४७०. वासा खाली ७ सेंटिमीटर लांब ठेवायचा, वळचण तेवढी वाढते, बस. आम्ही आधी छप्पर ठरवून मग कौलं मोजत होतो. मामा आधी कौल मोजतात, मग वासा कापतात. वासे आधीच कापलेले असते तर वरची ओळ कापावी लागली असती. आणि कौलाचं नाक, म्हणजे ज्याने ते रिपेवर अडकतं, ते वरच्याच टोकाला असतं. तेच कापलं की कौल तारेने बांधा नाहीतर सिमेंटने धरा.

टप्पा चुकला तर कळतं कसं? रिपा फार लांब ठोकल्या तर दिवसा आत उभं राहून वर बघा, कौलांच्या जोडावर उजेडाची रेघ दिसते. जिथून उजेड, तिथून वाऱ्याबरोबर पाणी. रिपा फार जवळ ठोकल्या तर कौल खाचेत बसत नाही, खाचेवर चढतं. बोटाने दाबलं की डुगडुगतं. आमच्याकडे वानरांची टोळी येते. डुगडुगणारं कौल त्यांच्या एका उडीत जातं.

तर एकूण: एका पाख्याला १० गुणिले ४३, म्हणजे ४३०. दोन्हीला ८६०. अंगणात होती ५७६.

काकांनी दुकानदाराला फोन केला. त्या छापाचा माल संपला होता. दुसऱ्या कारखान्याचा होता. पण साचा वेगळा, म्हणजे खाचा जुळणार नाहीत. मी गप्प. आजीने फक्त विचारलं, "पाणी यायच्या आत होईल का रे?"

तेव्हा मामांनी जे सांगितलं ते मला कुठल्याच कोडमध्ये सुचलं नसतं. दोन पाखी एकमेकांना फक्त आढ्यावर भेटतात. आणि आढ्यावर तर कोने बसतात. म्हणजे एका पाख्यावर एक छाप, दुसऱ्यावर दुसरा, चालतं. फक्त एका पाख्यात दोन छाप मिसळायचे नाहीत.

या वेळी आम्ही सगळा माल आणला नाही. आधी नमुन्याची ११ कौलं आणली, अंगणात मांडली. लांबी तीच ४१०, टप्पा ३३५ ते ३४६. आमचा ३४० त्यात बसला, म्हणजे दोन्ही बाजूंना ओळी १०. रुंदी २४०, आडवा टप्पा २१० ते २१४, ओळीत ४२ कौलं आली. दहा गुणिले बेचाळीस, ४२०. फुटतुटीसह ४४५ मागवली. कोनेही तसेच मांडून मोजले: एक कोना ३६ सेंटिमीटर झाकत होता, ९ मीटरला २५ लागले, २८ आणले.

पहिल्या लॉटची १४६ कौलं उरली. काका म्हणाले, परत देऊ. मामा नको म्हणाले. तो छाप पुन्हा मिळणार नाही, आणि वानरं तर दरवर्षी येणार. ती आता गोठ्याच्या भिंतीला उभी रचून ठेवली आहेत, त्यांच्यावर खडूने लिहिलंय "पूर्वेचं पाखं".

छप्पर पूर्ण झालं त्याच्या चौथ्या दिवशी पाऊस आला. मी पुण्यात होतो. आजीने फोन केला, म्हणाली, "आवाज येतोय, पाणी नाही येत."

तुमच्या घरी कौलाचं काम निघालं असेल, तर दुकानातून आधी ११ कौलं आणा आणि अंगणात मांडा. वासे त्यानंतर कापा. चला, भेटूया पुढच्या भागात.