दुसऱ्या घरच्या मुलाचा वाटा



अकोले तालुक्यातल्या वाड्यांमध्ये गेलं की एखादी बाई बैठक संपेपर्यंत थांबते आणि मग हळूच विचारते, "ताई, पोराचा बाप गेला. त्याच्या जमिनीत माझ्या पोराला काही मिळंल का?" विचारणारी त्या माणसाची दुसरी बायको असते, आणि पहिली हयात असते. "तुझं लग्नच खरं नाही, मग पोराला काय मिळणार?" असं तिला भावकीने सांगून टाकलेलं असतं. हे उत्तर चूक आहे. पण "सगळं मिळेल" हेही चूक आहे.

आधी हिंदू कुटुंबाचं पाहू. पहिली बायको असताना केलेलं दुसरं लग्न कायद्याने रद्दबातल. त्यातून झालेलं मूल मात्र हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ प्रमाणे औरस धरलं जातं. त्याचा हक्क फक्त आईबापाच्या मालमत्तेत. मग जमीन वडिलोपार्जित, एकत्र असेल तर त्यातलं बापाचं कोणतं? हा वाद कर्नाटकातल्या रेवणसिद्दप्पा विरुद्ध मल्लिकार्जुन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाकडे २०११ मध्ये गेला आणि निकाल लागला १ सप्टेंबर २०२३ रोजी. न्यायालय म्हणालं, बाप मरण्याच्या क्षणभर आधी वाटणी झाली असं समजा. त्यात बापाच्या वाट्याला जे येईल ते बापाचं, आणि त्यात या मुलाचा हिस्सा आहे. काका-आजोबांच्या वाट्यात मात्र नाही. जन्मतःच तो कुटुंबाचा सहहिस्सेदार होत नाही.

हिशेब करून पाहू. एका घरात ८ एकर वडिलोपार्जित आणि ४ एकर बापाने स्वतः घेतलेली जमीन आहे. बाप अलीकडे वारला, मृत्युपत्र नाही. मागे पहिली बायको, तिचा एक मुलगा, एक मुलगी, आणि दुसऱ्या घरचा एक मुलगा. मानीव वाटणीत ८ एकराचे चार भाग होतात: बाप, पहिली बायको, तिचा मुलगा, तिची मुलगी. म्हणजे बापाचे २ एकर. आता या २ एकरांचे चार वारस: बायको आणि तिन्ही मुलं. प्रत्येकाला २० गुंठे. बापाच्या स्वतःच्या ४ एकरांतून प्रत्येकाला १ एकर. दुसऱ्या घरच्या मुलाला एकूण १ एकर २० गुंठे मिळतात, पहिल्या घरच्या प्रत्येकाला साडेतीन एकर. दुसऱ्या बायकोला स्वतःला काही नाही. तिला हे ऐकवणं फार जड जातं.

पण आपलं काम महादेव कोळी आणि ठाकर समाजात, आणि इथेच वकीलसुद्धा घाई करतात. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह आणि हिंदू वारसा हे दोन्ही कायदे आपोआप लागू नाहीत. तिथे रूढी चालते. मग पहिला प्रश्न असा, की त्या समाजाच्या रूढीत दुसरी बायको चालते का? चालत असेल आणि तसं सिद्ध झालं, तर लग्न रद्दबातल ठरत नाही, आणि पोरगं दीड एकराच्या हिशेबात अडकत नाही. रूढी इतर मुलांना देते तेच ते मागू शकतं. रूढी मात्र पुराव्याने दाखवावी लागते: जुन्या वाटण्या कशा झाल्या, दुसऱ्या बायकोच्या मुलांची नावं सातबाऱ्यावर पूर्वी लागली का, पंचमंडळी साक्ष देतील का. उलट, कुटुंब पूर्ण हिंदू चालीने वागतं असं ठरलं, तर हिंदू कायदा लावल्याचेही निकाल आहेत.

लग्नच झालं नसेल तर हिंदू कायद्यात कलम १६ मदतीला येत नाही. त्या मुलाला आईचा वारसा मिळतो, बापाचा नाही. मात्र स्त्री-पुरुष अनेक वर्षं नवराबायको म्हणून राहिले असतील तर न्यायालय लग्न झालं असं गृहीत धरू शकतं. म्हणून हळदीला, पाट लावताना कोण होतं त्यांची नावं, रेशनकार्ड आणि शाळेच्या दाखल्यावरचं बापाचं नाव जपून ठेवा.

आपल्या ख्रिस्ती घरांचं वेगळं. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात कलम १६ सारखी तरतूद नाही. त्यात वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित हा भेदही नाही, बाप सगळ्याचं मृत्युपत्र करू शकतो. त्यात नुसतं "माझ्या मुलांना" असं लिहू नये. तसा शब्द औरस मुलांपुरताच धरला जातो. मुलाचं नाव लिहावं, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात.

शेवटी तलाठी कार्यालय. बाप वारल्यावर भावकी वारस नोंदीचा अर्ज देते आणि या पोराचं नाव गाळते. फेरफाराची नोटीस लागली की १५ दिवसांत लेखी हरकत द्यायची आणि पोच घ्यायची, म्हणजे नोंद तक्रारी होते. मुदत गेली तरी हक्क बुडत नाही, कारण फेरफाराने मालकी ठरत नाही. पण मग वाटणीचा दावा दिवाणी न्यायालयात लावावा लागतो, आणि तोवर जमीन विकली गेली तर खरेदीदारालाही त्या दाव्यात ओढावं लागतं.