दुर्बीण नॉर्मल, तरी पोटात कळ

धारूरकडचा पस्तिशीचा एक ऊसतोड कामगार डोळ्यांसमोर आणा. फडावर असताना खराब पाण्यानं त्याला जुलाब लागले. चार दिवसांत थांबले. पण तेव्हापासून सकाळी चहा पोटात गेला की कळ येते, तीन-चारदा परसाकडे पळावं लागतं आणि जाऊन आल्यावर जरा बरं वाटतं. आठ महिने झाले. दुर्बिणीची तपासणी झाली, रिपोर्ट नॉर्मल. आता घरचे म्हणतात, "मग हे सोंग कशाचं?"

दुर्बिणीला दिसतं ते आतड्याचं अस्तर. आयबीडी, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स, या आजारांत ते अस्तर खरोखरच सुजतं, त्यावर व्रण पडतात. त्यामुळे रक्त पडतं, वजन उतरतं, ताप येतो, जुलाब झोपेतून उठवतात. अशी कळ देणारा दुसरा आजार म्हणजे आयबीएस; त्यात अस्तर धड असतं. बिघडते ती आतड्याची हालचाल आणि मज्जातंतूंची संवेदना. गुदाशयात छोटा फुगा फुगवून ही संवेदना मोजता येते. निरोगी माणसाला जेवढ्या ताणानं नुसतं भरल्यासारखं वाटतं, तेवढ्यानंच आयबीएसच्या बऱ्याच रुग्णांना दुखतं. हे दुखणं दुर्बीण कुठून दाखवणार? जंतुसंसर्गाच्या जुलाबांनंतर साधारण दहातल्या एकाला असा त्रास मागे राहतो. सोंग नव्हे ते.

अर्थात, नॉर्मल रिपोर्टही वाचून घ्यावा. दुर्बीण लहान आतड्याच्या शेवटच्या टोकात शिरली होती का, हे डॉक्टरांना विचारा. क्रोन्स आणि आपल्याकडचा आतड्याचा टीबी, दोघेही बऱ्याचदा तिथंच ठाण मांडतात. तुकडा तपासायला पाठवला होता का, हेही विचारा. कारण मायक्रोस्कोपिक कोलायटिसमध्ये अस्तर बहुधा चांगलं दिसतं आणि रोग सापडतो तो सूक्ष्मदर्शकाखाली.

शंका उरलीच, तर शौचाची कॅल्प्रोटेक्टिन तपासणी असते. आकडा 50 च्या आत असेल तर सूज असण्याची शक्यता फार कमी. 250 च्या वर गेला तर शोध थांबवू नये. मात्र कंबरदुखीसाठी तुम्ही रोज गोळ्या घेत असाल, तर ते आधी सांगा. त्या गोळ्यांनीही हा आकडा चढतो, आणि कोयता चालवणाऱ्याच्या खिशात त्या असतातच.

आपल्या कामगाराला रक्त नाही, वजन टिकून आहे, रात्री झोप लागते, आकडाही 50 च्या आत आला. म्हणजे आयबीएस. त्याला चहा कमी करायला सांगतात, कांदा-लसूण काही आठवडे बंद करून फरक पाहतात, कळ थांबवणारी गोळी देतात. एवढ्यानं भागलं नाही, तर डॉक्टर रात्री अॅमिट्रिप्टिलिन देतात, बहुधा 10 मिलिग्रॅमपासून. औषधाच्या दुकानात कुणी म्हणेल, ही तर डिप्रेशनची गोळी! आहे, पण एवढ्या कमी मात्रेत ती आतड्याच्या दुखऱ्या मज्जातंतूंसाठी असते. सुरुवातीला तोंड कोरडं पडतं, सकाळी पेंग येते. गुण दिसायला महिना-दीड महिना लागतो, म्हणून आठवड्यातच ती सोडू नका.