‘कोणाले सांगसाल त नाही ना?’

(हिवाळी व्याख्यानमालेत यवतमाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास समुपदेशकाच्या फोनवर एक संदेश येतो. नाव नसतं, गाव नसतं. मजकूर एवढाच असतो: ‘मॅडम, एक गोष्ट सांगायची आहे. कोणाले सांगसाल त नाही ना?’

आज मला फक्त या संदेशाच्या उत्तराबद्दल बोलायचं आहे. मोह पडतो तो ‘नाही हो, अजिबात नाही, बिनधास्त सांगा’ असं लिहून टाकण्याचा. समोरचा घाबरलेला आहे, त्याला धीर द्यावासा वाटतो. पण हे उत्तर खरं नसतं. काही गोष्टी अशा असतात, की त्या कळल्यावर मला गप्प बसता येत नाही. काही ठिकाणी कायदा तशी सक्ती करतो, काही ठिकाणी माणसाचा जीव. ते आधी न सांगता मी शब्द दिला, तर तो तासाभरात मोडावा लागू शकतो. आणि ज्याला दिलेला शब्द मोडला तो पुन्हा कोणाकडेही बोलत नाही, केवळ माझ्याकडेच नव्हे.

उलट टोकाचं उत्तरही आपल्याकडे चालतं: ‘ते गोष्टीवर अवलंबून आहे.’ खरं आहे, पण त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. कशावर अवलंबून? तो फोन बाजूला ठेवतो.

मी लिहीन ते साधारण असं: ‘बरं केलंत लिहिलंत. तुम्ही जे सांगाल ते माझ्यापाशीच राहील. घरच्यांना, गावात, तुमच्या कामाच्या ठिकाणी मी सांगणार नाही. फक्त तीन वेळा मला दुसऱ्या कोणाची मदत घ्यावी लागते: तुमच्या जिवाला धोका असेल तेव्हा, तुमच्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हा, आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळेल तेव्हा. तसं झालं तर आधी तुम्हाला सांगेन. आणि हा फोन तुमच्याशिवाय कोणी बघतं का?’

शेवटच्या प्रश्नाकडे नंतर येते. आधी हे उत्तर प्रत्यक्षात कसं चालतं ते एका उदाहरणात पाहू. उदाहरणातला माणूस कल्पित आहे. खऱ्या माणसाची हकिगत नाव बदलून इथे सांगितली, तरी सभागृहातल्या दोघातिघांना तो ओळखू येईल. आपला जिल्हा तेवढा मोठा नाही.

धरून चला, राळेगाव तालुक्यातला चाळिशीतला शेतकरी आहे. पाच एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. माझं वरचं उत्तर वाचून तो थोडा वेळ थांबतो आणि लिहितो, की बँकेशिवाय खासगी सावकाराचंही कर्ज आहे आणि बायकोला ते माहीत नाही. हे गुपित माझ्यापाशीच राहणार, त्यात दुसरा विचार नाही. ‘बायकोला सांगून टाका ना’ असा आग्रहही मी करणार नाही. ते त्याचं आहे.

मग तो लिहितो, ‘आता सगळं संपवून टाकावं वाटते.’ इथे अननुभवी माणूस लगेच फोनाफोनी सुरू करतो. तशी गरज नसते, आधी विचारायचं असतं. आणि सरळ शब्दांत विचारायचं: ‘मरून जावं असे विचार मनात येतात का? आजही आले का? काही ठरवलं आहे का? जवळ काही साधन आहे का?’ असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांना उलट सुटल्यासारखं वाटतं, कारण हे त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. त्याने लिहिलं, की विचार येतात पण काही ठरवलेलं नाही, मुलीकडे पाहून थांबतो, तर गुपित अजून गुपितच आहे. आम्ही बोलत राहतो, पुढची भेट ठरवतो, डॉक्टरांकडे जायचं ठरवतो.

पण त्याने लिहिलं, की आजच ठरवलं आहे आणि फवारणीचं औषध घरातच आहे, तर मी म्हणाले होते ती पहिली वेळ आली. आता काय उघड करायचं आणि काय नाही, याकडे लक्ष द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य काळजी कायद्याच्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि त्याला अपवादही ठेवले आहेत. दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून किंवा जीव वाचवण्यासाठी माहिती देता येते. पण इजा टाळण्यासाठी माहिती द्यायची तर त्या इजेपुरतीच द्यायची, असं त्याच कलमात आहे. हे कलम आरोग्य व्यावसायिकांसाठी आहे, पण ही अट माझ्या मते सगळ्यांनी स्वतःला लावून घ्यावी.

म्हणून मी त्याला लिहिते: ‘मी म्हणाले होते ना, जिवाला धोका असेल तर मदत घ्यावी लागते. आता तशी वेळ आहे. कोणाला फोन करू? तुम्ही सांगा.’ तो बहुधा कोणाचं तरी नाव सांगतो. समजा मोठ्या भावाचं सांगितलं. भावाला मी एवढंच कळवते, की आज रात्री याला एकटं सोडू नका, औषधाचे डबे घरातून काढून दुसरीकडे कुलपात ठेवा आणि सकाळी त्याला घेऊन दवाखान्यात या. सावकाराचा उल्लेख येत नाही. भाऊ विचारतोच, ‘पण झालं काय?’ त्याला उत्तर, ‘ते त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल.’ मग जे बोलले ते शब्दशः शेतकऱ्याला कळवते. भावाकडून त्याला वेगळंच ऐकू येण्याआधी.

त्याने नाव सांगितलं नाही आणि फोन बंद केला, तर ११२ ला कळवण्यावाचून गत्यंतर नसतं. ‘पोलीस केस होईल’ ही भीती गावात फार खोल आहे. तर हेही सांगून ठेवते: आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक तणावाखाली होता असं त्याच मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ गृहीत धरतं, आणि जुन्या दंडसंहितेचं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत तसं राहिलेलं नाही. लोकसेवकाला कामापासून अडवण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र अजूनही गुन्हा आहे.

दुसरा अपवाद क्वचित येतो. तिसरा सर्वांत अवघड, कारण तिथे निवड माझ्या हाती राहत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं, की अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अपराध झाल्याचं ज्याला माहीत होईल, त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. ‘ज्याला माहीत होईल’ यात समुपदेशक आला, शिक्षिका आली, आशाताई आली, आणि इथे बसलेले तुम्हीही आलात.

आता सोळा वर्षांच्या मुलीने लिहिलं, ‘ताई, कोणाला सांगणार नाही ना?’ गोष्ट अत्याचाराची असेल किंवा तिच्याच वयाच्या मुलावरच्या प्रेमाची. कायदा या दोहोंत फरक करत नाही, अठराखालच्या संमतीला तो संमती मानत नाही. माझ्या मते हा कायद्यातला खरा दोष आहे आणि त्याचा भुर्दंड अशा मुलींनाच पडतो. पण दोष आहे म्हणून मला खोटं बोलता येत नाही. तिने सगळं लिहिल्यावर ‘आता मला पोलिसांना कळवावं लागेल’ असं म्हणणं म्हणजे तिला फसवणं. आधी सांगितलं तर काय सांगायचं, कधी सांगायचं, आईला सोबत घ्यायचं का, हे ती ठरवते. बोलण्याआधी नियम विचारायचे असतील तर नाव न सांगता विचारता येतात. गर्भपाताची वेळ आली तर थोडी वाट आहे. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की संमतीच्या संबंधातून दिवस गेलेली अल्पवयीन मुलगी आणि तिचे पालक यांनी विनंती केल्यास, डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव देण्याची गरज नाही. झरी-जामणी, पांढरकवडा भागातल्या कुमारी मातांच्या बातम्या ज्यांनी वर्षानुवर्षं वाचल्या आहेत, त्यांना नाव गुप्त राहण्याचं मोल वेगळं सांगायला नको.

आणखी एक मर्यादा आहे आणि ती आम्ही लोक सहसा सांगत नाही. वकिलाशी झालेल्या बोलण्याला न्यायालयात जे संरक्षण आहे, ते समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी झालेल्या बोलण्याला नाही. न्यायालयाने विचारलं तर मला बोलावं लागू शकतं. म्हणून मी नोंदी ठेवते त्या कामापुरत्या. सावकाराचं नाव माझ्या वहीत नसतं, कारण उपचाराला ते लागत नाही.

आता फोनकडे. ‘हा फोन कोणी बघतं का?’ हा प्रश्न मला कायद्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. व्हॉट्सअॅपचा संदेश वाटेत कोणी वाचू शकत नाही हे खरं, पण आपल्या घरांत गुपित वाटेत फुटत नाही, ते खाटेवर फुटतं. घरात फोन एकच, मुलगा त्यावर अभ्यासाचे व्हिडिओ पाहतो, भाचा गेम खेळतो, आणि बंद पडद्यावरही आलेल्या संदेशाच्या पहिल्या ओळी दिसतात. म्हणून माझ्या संदेशाची पहिली ओळ मी कधीही आजाराची लिहीत नाही. पडद्यावर मजकूर न दाखवण्याची सोय फोनमध्ये असते, ती करायला सांगते. आपोआप पुसले जाणारे संदेश २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांवर लावता येतात, पण कोणी पडद्याचा फोटो काढून ठेवला तर ते थांबवता येत नाही, हेही सांगते. ‘पुसलं म्हणजे गेलं’ असं कोणी समजू नये.

तंत्रापलीकडची अडचण गावाची आहे. प्रेरणा प्रकल्पात आशाताई घरोघर जाऊन प्रश्नावलीतून ताण मोजतात. काम मोलाचं आहे, पण आशाताई त्याच गल्लीतली असते. तिने काही सांगितलं नाही तरी तिचं वारंवार घरी येणंच शेजाऱ्यांना सांगून जातं. काहींना म्हणून गावाबाहेरचा आवाज हवा असतो. त्यांच्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, रात्रंदिवस आणि मोफत. मुलांसाठी १०९८. तिथेही पहिला प्रश्न हाच विचारावा: ‘तुम्ही हे कोणाकोणाला सांगता?’ गोलमोल उत्तर आलं तर पुन्हा विचारावा.

शेवटी एक व्यवहाराचं. माझं उत्तर गेल्यावर काहीजण पुढे लिहीतच नाहीत. अशा वेळी दुसऱ्या दिवशी ‘काल काय सांगत होतात?’ असं कधीही विचारू नका. त्या वेळी तो फोन दुसऱ्याच्या हातात असू शकतो. मी ‘नमस्कार, वेळ असेल तेव्हा फोन करा’ एवढंच पाठवते, आणि तिकडून कोणी अनोळखी आवाजात ‘तुम्ही कोण?’ असं विचारलं तर ‘संदेश चुकून आला’ म्हणून ठेवून देते.