परिवीक्षा संपली, आदेश कुठे आहे?

वारासिवनीतल्या एखाद्या नवीन शिक्षिकेचं उदाहरण घेऊ. ती 1 जुलै 2022 ला रुजू झाली, नेमणूक तीन वर्षांच्या परिवीक्षेवर. 30 जून 2025 उलटून गेला, तरी हातात कागद नाही. बाबू म्हणतात, "ताई, मुदत वाढली असेल."

अशी तोंडी वाढ मानू नका. मध्य प्रदेशच्या 1961 च्या सेवा-शर्ती नियमांतला आठवा नियम वाचा. पुरेसं कारण असेल तर मुदत वाढवता येते, पण जास्तीत जास्त एक वर्ष. कायमही केलं नाही आणि सेवेतून कमीही केलं नाही, तर मुदत संपल्यापासून कर्मचारी 'तात्पुरता शासकीय सेवक' मानला जातो.

म्हणजे आपोआप कायम होता येत नाही, आणि इथेच अनेकजण फसतात. सत्यनारायण झंवर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये हाच मुद्दा तपासला. ते प्रकरण आपल्याच राज्यातलं, न्यायिक सेवेतलं. केवळ मुदत संपल्याने कायमपण मिळत नाही. नियमांची भाषा काय आहे, त्यावर ते ठरतं.

म्हणून ताईंनी आधी नेमणूक-आदेशातली परिवीक्षेची अट काढून वाचावी. मग मुख्याध्यापकांमार्फत नियुक्ती अधिकाऱ्याला अर्ज द्यावा: त्यात रुजू तारीख आणि मुदत संपल्याची तारीख लिहावी, आणि मुदत वाढवली असल्यास त्या आदेशाची प्रत मागावी. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यावा. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात तोच आदेश आणि आपला गोपनीय अहवाल मागावा. उत्तराची मुदत 30 दिवस. वाढीचा आदेश मुळात निघालाच नसेल, तर ते इथेच उघड होतं.